ऐंशी मिनिटे, बेचाळीस नावे

कार्यक्रमाची संहिता हाती आली की तिच्यात काय बोलायचे ते सापडते. केव्हा बोलायचे, कोणी कोणाच्या हाती सूत्रे द्यायची आणि त्या क्षणी पडद्यावर काय दिसायचे, हे तिच्यात सापडत नाही. सभागृहापुरता कार्यक्रम असेल तर ही उणीव फारशी जाणवत नाही. एखादा वक्ता व्यासपीठावर पोहोचेपर्यंत चार क्षण गेले, तर श्रोते शेजाऱ्याशी दोन शब्द बोलून घेतात. थेट प्रक्षेपणात मात्र त्या चार क्षणांत घरी बसलेल्या प्रेक्षकाला रिकामा पोडियम दिसतो, कुणाची तरी पाठ दिसते, आणि उघड्या राहिलेल्या माइकमधून 'पाण्याची बाटली कुठे ठेवली' हा संवाद परदेशापर्यंत ऐकू जातो.

आमच्या गावच्या समाजाने गेल्या ऑगस्टमध्ये विद्यार्थी गुणगौरव समारंभ यूट्यूबवरून थेट दाखवण्याचे ठरवले. संहिता एका शिक्षिकाभगिनींनी मोठ्या आस्थेने लिहिली होती. तिचे 'रन ऑफ शो'मध्ये, म्हणजे मिनिटवार क्रमपत्रकात रूपांतर करण्याचे काम माझ्याकडे आले. बँकेतील नोकरीत आयुष्यभर रकाने आणि बेरजा यांच्या सहवासात राहिल्यामुळे हे काम मला जमेल, असा कार्यकारिणीचा समज असावा. काम हाती घेतल्यावर ध्यानी आले, की यात बेरजेचा भाग सोपा आहे. खरे कसब एका माणसाकडून दुसऱ्याकडे कार्यक्रम सोपवण्यात आहे. त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

शेवट आधी ठरवावा

क्रमपत्रकाची सुरुवात कार्यक्रमाच्या शेवटापासून करावी लागते. आमच्यापुरता हा शेवट सूर्याच्या हाती होता. चातुर्मासाचे दिवस, बहुतेक वडीलधारी मंडळी सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणारी. आमच्याकडे ऑगस्टच्या मध्यास सूर्यास्त सात वाजण्याच्या सुमारास होतो. तीनशे पानांच्या दोन पंगती, प्रत्येकी पंचवीस मिनिटे धरल्या, तर पहिली पंगत सहाला बसलीच पाहिजे. सभागृहातून भोजनगृहात जाण्यास दहा मिनिटे. म्हणजे प्रक्षेपण ५:५० ला संपणे अटळ. आरंभ ४:३० चा जाहीर झालेला. हाती आली ती नेमकी ८० मिनिटे.

असा न हलणारा शेवट प्रत्येक कार्यक्रमाला असतो. कुठे सभागृहाचे भाडे, कुठे पाहुण्यांची गाडी. तो पत्रकाच्या तळाशी ठळक लिहावा. आरंभ उशिरा झाला म्हणून शेवट पुढे सरकत नाही, एवढे सर्वांच्या ध्यानात राहिले तरी पुष्कळ काम होते. कारण वेळ ओलांडली की तिची किंमत नेहमी शेवटी उभे असणारेच मोजतात. पाहुण्यांचे भाषण लांबले, तर पाहुण्यांचे काही जात नाही. यादीतील अखेरची मुले घाईघाईने 'आणि इतर विद्यार्थी' या तीन शब्दांत गुंडाळली जातात, आणि आभार मानायचे राहून जातात ते स्वयंपाकघरातील माणसांचे.

संहितेला घड्याळ लावणे

दुसरे काम मोजणीचे. मनात वाचून वेळ मोजता येत नाही. मोठ्याने, उभे राहून, जो बोलणार आहे त्यानेच वाचावे लागते. आमच्या निवेदिकेने २४० शब्दांचे एक पान वाचले, त्याला दोन मिनिटे दहा सेकंद लागली. म्हणजे मिनिटाला सुमारे ११० शब्द. हा वेग तिचा; दुसऱ्याचा निराळा असेल, म्हणून प्रत्येकाचे एक पान मोजून घ्यावे. संहितेत निवेदनाचे एकूण शब्द २,६४० होते. त्याचे सरळ २४ मिनिटे झाले, आणि ८० मिनिटांच्या कार्यक्रमात २४ मिनिटे केवळ 'यानंतर कोण' हे सांगण्यात जाणार होती. संहिता लिहिणाऱ्या भगिनींनीच ते शब्द ११०० वर आणले. वेळ दहा मिनिटांवर आली. पाहुण्यांच्या परिचयातील पदव्यांची यादी पडद्यावरील पट्टीत गेली, एवढाच काय तो मुख्य बदल.

त्याहून मोठी गंमत एका ओळीत दडली होती. संहितेत लिहिले होते, 'गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार'. शब्द तीन. विद्यार्थी मात्र बेचाळीस. नाव पुकारणे, खुर्चीतून उठून येणे, पायऱ्या चढणे, सन्मानचिन्ह घेणे, छायाचित्र, उतरणे, हे सारे एका मुलाने एका रिकाम्या दुपारी करून दाखवले तेव्हा ३५ सेकंद लागली. ४२ गुणिले ३५ म्हणजे साडेचोवीस मिनिटे. संहितेतील सर्वांत छोटी ओळ कार्यक्रमातील सर्वांत मोठा भाग होती. संहिता जेथे मौन पाळते, तेथेच बहुधा वेळ जात असतो: चालणे, टाळ्या, शाल उलगडणे, माइकची उंची बदलणे. यांना स्वतंत्र सेकंद द्यावेच लागतात.

यावर उपाय मुले कमी करण्याचा नव्हता. रांग लावण्याचा होता. पुढची पाच मुले आधीच पायरीशी उभी. डावीकडून चढायचे, उजवीकडून उतरायचे. एकाचे छायाचित्र होत असताना दुसऱ्याचे नाव. पुन्हा मोजले, तेव्हा प्रत्येकी १६ सेकंद लागली, एकूण ११ मिनिटे १२ सेकंद. ती १२ धरली आणि आरंभीच्या निवेदनाचे एक मिनिट मिळून या भागाला १३ मिनिटे दिली. मूळ संहिता जशीच्या तशी पार पाडली असती, तर सुमारे १०२ मिनिटे लागली असती. दोन दुरुस्त्यांनी ती ७५ वर आली.

दोन स्तंभांचा हिशेब

आता पत्रक मांडता येते. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ. पहिल्या स्तंभात आरंभाची वेळ, दुसऱ्यात कालावधी. पुढच्या ओळीची वेळ म्हणजे मागच्या ओळीची वेळ अधिक तिचा कालावधी. हे संगणकाच्या तक्त्यावर केले, तर एक आकडा बदलताच खालच्या साऱ्या वेळा आपोआप सरकतात:

```
A3:  =A2+B2
```

येथे एक बारीक सावधगिरी. साडेचार मिनिटे लिहिताना ४:३० असे टंकले, तर तक्ता त्याचा अर्थ चार तास तीस मिनिटे असा घेतो. म्हणून कालावधी नेहमी `0:04:30` असा तिन्ही घरांत लिहावा. एखाद्या ओळीनंतर कार्यक्रम एकदम रात्रीत गेलेला दिसला, तर दोष बहुधा येथेच असतो.

हा झाला पुढे जाणारा हिशेब. त्याच्या शेजारी मी आणखी एक स्तंभ ठेवला, शेवटापासून मागे येणारा. तळाशी ५:५० लिहायचे आणि प्रत्येक ओळीचा कालावधी वजा करीत वर चढायचे. या स्तंभाला मी 'उशिरात उशिरा' असे नाव दिले. त्या वेळेपर्यंत तो प्रसंग सुरू झाला, तर पुढचे काहीही न कापता कार्यक्रम वेळेवर संपतो. दोन्ही स्तंभांतील फरक म्हणजे हातातली शिल्लक. आमची शिल्लक ८० वजा ७५, म्हणजे पाच मिनिटे.

ही पाच मिनिटे एकत्र शेवटी ठेवण्याचा मोह होतो. परंतु शिल्लक तेथे ठेवावी, जेथे गळती संभवते. दोन मिनिटे आम्ही प्रमुख पाहुण्यांच्या भाषणानंतर ठेवली आणि तीन आभारप्रदर्शनापूर्वी. पत्रकात ती कोणत्याही वक्त्याच्या नावावर दाखवली नाहीत. मोकळी मिनिटे आहेत हे वक्त्याला कळले, की ती मोकळी राहत नाहीत.

एकूण ओळी तेरा झाल्या. स्वागत ४:३० ला, मंगलाचरण ४:३३ ला, पाहुण्यांचे स्वागत ४:३६ ला, प्रास्ताविक ४:४१ ला, शिष्यवृत्तीवरील चित्रफीत ४:४६ ला, प्रमुख पाहुणे परिचयासह ४:५० ला. मग दोन मिनिटांची शिल्लक सोडून ५:०४ ला न्यू जर्सीहून बोलणारे शिष्यवृत्तीचे दाते, ५:१० ला मुलांचा सत्कार, ५:२३ ला तीन विद्यार्थ्यांची मनोगते, ५:३२ ला नव्या शिष्यवृत्त्यांची घोषणा, ५:३६ ला अध्यक्षीय समारोप, तीन मिनिटांची शिल्लक, ५:४५ ला आभार आणि ५:४९ ला निरोपाचे मिनिट. पुण्याजवळच्या आमच्या गावी ५:०४ होतात तेव्हा ऑगस्टात न्यू जर्सीत सकाळचे ७:३४ वाजलेले असतात. ही वेळ त्यांच्या घड्याळाप्रमाणे लिहूनच त्यांना कळवली. 'भारतीय वेळेनुसार' हे दोन शब्द परदेशातील माणसाला गणित करायला लावतात, आणि अर्ध्या तासाच्या फरकात ते गणित सहज चुकते.

हस्तांतरण म्हणजे नेमके काय

संहितेत लिहिलेले असते, 'यानंतर अमुक आपले मनोगत व्यक्त करतील.' क्रमपत्रकात या एका वाक्याच्या चार बाबी होतात. सोपवणाऱ्याचे अखेरचे शब्द कोणते, स्वीकारणारा त्या वेळी कोठे उभा आहे, त्याचा माइक कोणी आणि केव्हा उघडायचा, आणि पडद्यावर कोणता कॅमेरा. दाते बोलणार होते त्या भागाच्या चार ओळी येथे देतो.

| वेळ | कोण | काय, आणि अखेरचे शब्द | पडद्यावर | आवाज |
|---|---|---|---|---|
| ५:०२ | प्रमुख पाहुणे | भाषण संपते, टाळ्या. निवेदिका पोडियमकडे | कॅमेरा १, मग सभागृह | पोडियमचा माइक |
| ५:०४ | निवेदिका | परिचय, १ मिनिट. '…आपण न्यू जर्सीला जाऊ या' | कॅमेरा २ | पोडियमचा माइक |
| ५:०५ | दाते | मनोगत, ५ मिनिटे. '…तुमची नावे ऐकायला मी उत्सुक आहे' | झूम, पूर्ण पडदा | झूम सुरू. सभागृहाचे माइक बंद |
| ५:१० | दुसरा निवेदक | रांगेकडे निर्देश, पहिले नाव | कॅमेरा १ | हातातला माइक |

तिसऱ्या ओळीतील अखेरचे शब्द विचारपूर्वक ठरवलेले आहेत. दात्यांनी आधी कळवले होते, की 'सर्वांना जय जिनेंद्र' म्हणून मी थांबेन. शब्द मंगल, आपलेच. पण आपण सारे बोलण्याचा आरंभही त्याच शब्दांनी करतो. ते ऐकून तंत्रज्ञाने कॅमेरा फिरवला असता, तर दात्यांचे मनोगत पहिल्या सेकंदालाच संपले असते. अखेरचे शब्द असे हवेत, की ते भाषणात अन्यत्र कोठेही येणार नाहीत. मुलांच्या नावांचा उल्लेख असलेले वाक्य ठरले आणि त्यातून पुढच्या प्रसंगाचा दरवाजाही आपोआप उघडला.

दूरच्या वक्त्याकडे सूत्रे देताना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि दोन्हींचे मूळ विलंबात आहे. झूमवरील आवाज पोहोचायला क्षणभराचा विलंब लागतो. यूट्यूबवरचे प्रक्षेपण मात्र प्रत्यक्षाहून कित्येक सेकंद मागे चालते. दात्यांनी शेजारी यूट्यूब उघडे ठेवले, तर त्यांना आपलेच बोलणे थोड्या वेळाने ऐकू येते आणि ते गोंधळून थांबतात. म्हणून त्यांच्या सूचनेत पहिलेच वाक्य होते: यूट्यूब बंद, कानात इअरफोन, लक्ष फक्त झूमकडे. दुसरी गोष्ट निवेदिकेसाठी. 'आपण न्यू जर्सीला जाऊ या' म्हटल्यावर समोरून लगेच आवाज येत नाही. ती शांतता दोन सेकंदांची असते, पण व्यासपीठावर ती फार लांब वाटते. निवेदक ती भरून काढण्यासाठी 'नमस्कार, आवाज येतोय का?' असे म्हणतो, त्याच क्षणी तिकडून बोलणे सुरू होते, मग दोघेही थांबतात आणि दोघेही पुन्हा एकदम बोलतात. पत्रकात त्या जागी मी लिहिले होते: 'मौन. हसत पडद्याकडे पाहावे.'

ध्वनी सांभाळणाऱ्यासाठी एक नोंद वेगळी होती. सभागृहाचा आवाज दात्यांना ऐकू गेला पाहिजे, पण त्यात त्यांचा स्वतःचा आवाज मिसळलेला नसावा. अन्यथा प्रतिध्वनी होतो. ध्वनितंत्रज्ञ या जोडणीला 'मिक्स मायनस' म्हणतात: सर्वांचा आवाज, वजा ऐकणाऱ्याचा. आमच्या तंत्रज्ञाला हे ठाऊक होते. परंतु पत्रकात ते लिहिलेले असल्यामुळे त्याने ती तार आदल्या दिवशीच लावली.

आणि संपर्क तुटला तर? याची ओळही आधीच लिहिलेली हवी. दात्यांचे दोन मिनिटांचे मनोगत आदल्या रात्री मुद्रित करून ठेवले होते. ५:०३ ला ते झूमवर दिसले नाहीत, तर निवेदिका काही न बोलता थेट सत्काराकडे वळणार आणि ते मुद्रण सत्कारानंतर लागणार, असे ठरले. त्या क्षणी निर्णय घ्यायला कोणाकडेही अवधी नसतो. म्हणून निर्णय कागदावर आधी घेतलेला असावा.

बेचाळीस नावे

सत्काराच्या वेळी नाव पुकारणारा, रांग सांभाळणारा आणि पडद्याखालच्या पट्टीवर नाव दाखवणारा असे तिघे एकाच वेळी एकाच यादीवर चालतात. एक मूल गैरहजर असले आणि तिघांपैकी एकालाच ते कळले, तर तेथून पुढे प्रत्येक मुलाच्या चेहऱ्याखाली दुसऱ्याचे नाव झळकते. सभागृहात कोणाच्या ते लक्षातही येत नाही, पण नाशिकला किंवा नैरोबीला बसलेल्या आजीला नातवाखाली परके नाव दिसते, आणि ते प्रक्षेपण कायमचे तसेच राहते.

म्हणून प्रत्येक मुलाच्या हाती क्रमांकाची चिठ्ठी होती. रांग सांभाळणारे काका पायरीशी चिठ्ठी घेत आणि तोच क्रमांक हेडसेटवर सांगत. निवेदक आणि पट्टी चालवणारी मुलगी नावांवर न चालता क्रमांकांवर चालत. 'सतरा नाही, अठरा' एवढे ऐकले, की दोघेही एकदम पुढच्या ओळीवर. नावांच्या यादीत उच्चाराची नोंदही होती. ज्या आडनावांचा गुजराती, मारवाडी आणि मराठी उच्चार वेगवेगळा होतो, ती पालकांना विचारून लिहून घेतली. चित्रपटगीताचे पार्श्वसंगीत आम्ही या वेळी लावले नाही. यूट्यूब थेट प्रक्षेपणातील संगीतही तपासते, आणि हक्क दुसऱ्याचे असतील तर प्रक्षेपण मध्येच थांबवले जाऊ शकते. त्याऐवजी समाजातील एका मुलाने संवादिनी वाजवली.

फक्त जोडांची तालीम

तालीम म्हटली की सारे वक्ते संपूर्ण भाषण करू पाहतात. त्याची गरज नसते. तेरा प्रसंगांत बारा जोड असतात. तालीम त्या जोडांची करावी. वक्त्याने फक्त अखेरचे वाक्य म्हणायचे, पुढच्याने जागेवर यायचे, माइक उघडायचा, कॅमेरा बदलायचा, पहिले वाक्य म्हणायचे आणि थांबायचे. बारा जोड दोनदा करायला आम्हाला चाळीस मिनिटे पुरली. दोन वक्त्यांसाठी एकच हातातला माइक ठरला होता आणि पहिला वक्ता उजवीकडून उतरत असताना दुसरा डावीकडे उभा होता, हे या तालमीतच दिसले. पूर्ण भाषणांच्या तालमीत ते दिसले नसते, कारण तोवर सारे थकून गेले असते.

प्रत्यक्ष कार्यक्रमात इशारा देणारा माणूस एकच असावा. तंत्रज्ञांच्या टेबलाशी मी पत्रक घेऊन बसलो होतो. प्रत्येक जोडाच्या दोन मिनिटे आधी 'तयार राहा', मग 'तीस सेकंद', आणि नेमक्या क्षणी 'गो'. हा 'गो' शब्द त्या क्षणाखेरीज कोणीही हेडसेटवर उच्चारायचा नाही, असा या व्यवसायात दंडक आहे. कुणी सहज 'इथून गो म्हणू का?' असे विचारले, तरी कॅमेरा बदललेला असतो. पत्रकाच्या प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि छपाईची वेळ होती. पाचवी आवृत्ती वाटताना चौथीच्या सर्व प्रती मोजून परत घेतल्या. जुना कागद कुणाच्या खिशात राहणे, हे कागद नसण्यापेक्षा अधिक घातक असते.

त्या दिवशी

प्रारंभ ४:३२ ला झाला. दोन मिनिटे उशीर; कोणाला जाणवला नाही. प्रमुख पाहुणे ज्ञानी गृहस्थ, बोलणे रसाळ. दहा मिनिटांचे भाषण चौदा मिनिटे चालले. दोन मिनिटे उरल्याचा फलक त्यांना दाखवला होता, पण रंगलेल्या वक्त्याला फलक दिसत नाही. ठरल्याप्रमाणे निवेदिका चौदाव्या मिनिटाला पोडियमजवळ, त्यांना दिसेल अशी येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी हसून समारोप केला. घड्याळात ५:०८ झाले होते. पहिली दोन मिनिटांची शिल्लक संपली होती आणि दाते आता लगेच सुरू झाले, तरी नियोजित वेळेहून चार मिनिटे मागे.

अशा वेळी माणसे घाबरून समोर दिसेल ते कापू लागतात. मी 'उशिरात उशिरा' हा स्तंभ पाहिला. दात्यांसमोर तेथे ५:०७ होते. म्हणजे शेवटची तीन मिनिटांची शिल्लक धरूनही तूट एका मिनिटाची, चारांची नव्हे. काय कापायचे याचा क्रम आम्ही आधीच ठरवला होता. पहिली कात्री मनोगतांपूर्वीच्या एका मिनिटाच्या निवेदनाला. तेवढ्याने भागले नाही, तर अध्यक्षीय समारोप सहाऐवजी चार मिनिटांचा, आणि त्याला अध्यक्षांची संमती घेतलेली होती. पत्रकाच्या तळाशी दुसरी यादीही होती, 'काहीही झाले तरी कापू नये'. तिच्यात दोनच ओळी: बेचाळीस नावे आणि आभार.

हेडसेटवर 'कात्री एक' एवढे दोनच शब्द सांगितले. मुलांचा सत्कार ५:१४ ते ५:२७ पूर्ण तेरा मिनिटे चालला. सतरावा विद्यार्थी खरोखरच आला नव्हता. त्यानंतर निवेदिकेने आपला एक मिनिटाचा परिच्छेद सोडून पहिल्या विद्यार्थिनीचे केवळ नाव घेतले. मनोगते ५:३५ ला, घोषणा ५:३९ ला, समारोप ५:४५ ला संपला. मूळ संहितेत आभाराची ओळ होती ती तशीच आली: मंडप घालणारे, वीज सांभाळणारे, आणि सकाळपासून स्वयंपाकघरात राबणाऱ्या सहा भगिनी, नावासह. ५:५० ला पडद्यावर निरोपाची पाटी आली.

कागदाच्या मर्यादा

क्रमपत्रकाने भाषणे चांगली होत नाहीत आणि निवेदनात माधुर्य येत नाही. ते काम संहितेचे. आणि काही क्षण पत्रकात बसत नाहीत, बसवूही नयेत. एकतिसाव्या क्रमांकाचा मुलगा व्यासपीठावरून उतरताना पहिल्या रांगेतील आपल्या आजोबांच्या पाया पडला. निवेदक थांबला, कॅमेरामनने सांगण्याची वाट न पाहता तिकडे कॅमेरा वळवला. दहा-बारा सेकंद गेली असतील. एका नावाला १६ सेकंद मोजून एकूण भागाला थोडे अधिक धरले होते, ते अशाच क्षणांसाठी. प्रत्येक सेकंद भरून टाकलेले पत्रक पहिल्याच मायेच्या प्रसंगी कोलमडते.

समारंभ, सभा, शिबिरे आता घरोघरी पडद्यावर दिसू लागली आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांच्या हाती अशी संहिता केव्हातरी येईल. ती आली म्हणजे प्रथम तिच्यातील सर्वांत छोटी ओळ शोधावी आणि तिच्यात किती माणसे चालत येणार आहेत ते मोजावे. मग यादीच्या तळाशी कोणाचे नाव आहे ते पाहावे, आणि तेथून वर हिशेब मांडत यावे.